कच्चं चिकन तोलता आणि शिजवलेलं लिहिता? ही चूक टाळा

आमच्या तालुक्याच्या जिममध्ये भरतीची तयारी करणारी पोरं येतात. त्यातला एक पोरगा रोज ३०० ग्रॅम बोनलेस ब्रेस्ट आणायचा, तेही कच्चं तोलून. पण प्रोटीनचा हिशेब ठेवायच्या ॲपमध्ये शोधलं की वर दिसेल ती पहिली नोंद निवडायचा, आणि ती निघायची `Chicken breast, cooked, roasted`. त्यामुळे खात्यावर, आणि तिथून त्याच्या वहीत, ९३ ग्रॅम प्रोटीन पडायचं. प्रत्यक्षात पोटात जायचं ६६ च्या आसपास. "दादा, ॲपमधी तं टार्गेट पुरं होऊन राह्यलं," म्हणत त्याने संध्याकाळची अंडी बंद केली. दोन महिने हे चाललं. अंडी वाचली म्हणून तो खूश होता, मला मात्र त्याची वही बघून वाईट वाटलं.

कारण साधं आहे. शिजताना चिकनमधलं पाणी निघून जातं, प्रोटीन बहुतांश तिथेच राहतं. १०० ग्रॅम कच्च्या ब्रेस्टमध्ये साधारण २२ ग्रॅम प्रोटीन असतं. तोच तुकडा भाजल्यावर ७०-७५ ग्रॅम भरतो, म्हणून १०० ग्रॅम शिजलेल्या ब्रेस्टमध्ये ३१ ग्रॅम दिसतं. प्रोटीन वाढलेलं नसतं, पाणी कमी झालेलं असतं. उलटी चूकही होते: शिजलेलं तोलून `raw` लिहिलं की प्रोटीन कमी दिसतं आणि माणूस उगाच पावडरीचा डबा आणायला धावतो.

घरात एकाच गंजात सगळ्यांचं शिजतं तेव्हा खरी पंचाईत. मी असं करतो: चिकन धुऊन चाळणीत निथळवतो आणि मसाला लावायच्या आधी तोलतो. समजा १ किलो बोनलेस ब्रेस्ट भरलं, म्हणजे २२० ग्रॅम प्रोटीन. शिजल्यावर झाऱ्याने फोडी काढून, तर्री निथळवून परत तोलतो. ७२० ग्रॅम भरल्या आणि माझ्या ताटात १८० आल्या, तर माझा वाटा पाव. मग मी २५० ग्रॅम `raw` लिहितो, म्हणजे ५५ ग्रॅम प्रोटीन.

"दादा, शिजलेलं तोलून सरळ `cooked` लिहिलं तं?" चालेल, पण कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त झाल्या की वजन आणखी उतरतं आणि तोच आकडा खोटा पडतो. कच्चं वजन शिट्ट्या मोजत नाही. घाई असणाऱ्यांना चाळणी आणि काटा या दोन गोष्टींचाच कंटाळा येतो, आणि तिथेच हिशेब बिघडतो.

हाडासकट आणलं असेल तर खाऊन झाल्यावर हाडं तोलून वजा करा आणि शिजलेल्या नुसत्या मांसाची नोंद घ्या. लेगपीसला ब्रेस्टची नोंद लावू नका, त्यात प्रोटीन कमी असतं. गंजातलं तेल वेगळं लिहा.

त्या पोराची जुनी पानं आम्ही खोडली नाहीत. प्रत्येक ९३ च्या शेजारी लाल पेनाने ६६ लिहिलं, आणि अंडी त्याच दिवशी परत सुरू झाली.