तमिळ घरी पहिल्यांदा जाताना

लातूर-नांदेडकडून नोकरीसाठी नेरूळ, वाशी, ऐरोलीला आलेल्यांपैकी काही जणांचं लग्न इथल्याच तमिळ घरात ठरतं. माझंही तसंच झालं, म्हणून पहिल्या भेटीत काय बोलावं ते सांगतो.

सगळ्यात महत्त्वाचं हे की जोडीदार घरात बोलतो तसं बोलू नका. तो आईला ‘साप्टिया?’ म्हणजे ‘जेवलीस का?’ असं विचारतो. आपणही आपल्या आईला अगं-तूगंच करतो, पण सासूबाईंना ‘अहो’च म्हणतो ना? तिथेही तसंच आहे. तुम्ही ‘साप्टींगळा?’ म्हणायचं. शेवटचा ‘ंगळा’ म्हणजे आपलं ‘अहो-जाहो’. तो गाळला की वाक्य बरोबर असूनही ऐकणाऱ्याला खटकतं. त्यातला ळ आपल्याला सहज येतो, तो स्पष्ट उच्चारा, ल करू नका.

दारात चपला काढल्या की हात जोडून ‘वणक्कम’. मग ‘नल्ला इरुक्कींगळा?’, म्हणजे बरे आहात ना. अय्यर-अय्यंगार घरांत ‘वणक्कम’पेक्षा ‘नमस्कारम’ जास्त चालतं आणि ‘इरुक्कींगळा’चं ‘इरुक्केळा’ होतं. हे आणि पाया पडायचं की नाही, दोन्ही आदल्या दिवशी जोडीदाराला विचारून ठेवा. हाक मारायला ‘आंटी’, ‘अंकल’ पुरे. अम्मा-अप्पा म्हणायची घाई नको, ते त्यांनीच सुचवू द्यावं.

कौतुक करायची खरी जागा म्हणजे जेवण. डबरा-टंबलरमधून, म्हणजे वाटी-पेल्यातून, फिल्टर कॉफी आली तर आधी एक घोट घ्या, मग म्हणा, ‘काफी रोंब नल्ला इरुक्कु’, म्हणजे कॉफी फार छान झालीय. पानावर बसल्यावर सगळ्याचं एकदम कौतुक करू नका. जे खरंच आवडलं त्याचंच नाव घ्या: ‘रसम रोंब नल्ला इरुक्कु’. लगेच दुसऱ्यांदा रसम येईल, तेव्हा तेवढी भूक राखून ठेवा. पोट भरलं की ‘पोदुम’ म्हणजे पुरे. ‘वेण्डाम’ म्हणजे नको, आणि पदार्थ चाखायच्या आधीच ते म्हटलं तर ताट नाकारल्यासारखं वाटतं.

तुमचं एक वाक्य ऐकून सासूबाई भराभर तमिळ बोलू लागल्या, तर ‘कोंजम दान तेरियुम’, म्हणजे थोडंसंच येतं, असं सांगा. पुष्कळ घरांत समोरून अस्सल मराठीत उत्तर येतं, कारण ही मंडळी इथे वर्षानुवर्षं राहिलेली असतात. मग खुशाल मराठीत बोला. त्यांच्या भाषेत सुरुवात केलीत हे त्यांच्या लक्षात राहतंच.

निघताना ‘पोरेन’, म्हणजे जातो, असं म्हणू नका. ‘पोयिट्टु वरेन’ म्हणा, म्हणजे जाऊन येतो. आपल्याकडेही ‘जातो’ म्हटलं की आजी लगेच ‘येतो म्हण’ म्हणते.

एवढी वाक्यं जोडीदाराकडून फोनवर रेकॉर्ड करून घ्या. मात्र सांगताना बजावा, ‘आईशी तू बोलतोस तसं नको, पाहुण्याने बोलावं तसं म्हण.’