मुरूम की रोझेशिया? आरशासमोर असे ओळखा

पस्तिशी-चाळिशीत नाका-गालांवर लाल पुटकुळ्या आल्या की बहुतेक जण मुरमांचं मलम आणतात. ते मुरूम नसून रोझेशिया, म्हणजे चेहरा वारंवार तापून लाल होण्याचा त्वचेचा जुनाट विकार असेल, तर त्याच मलमाने चेहरा आणखी भडकू शकतो.

आधी चेहरा साध्या पाण्याने धुऊन अर्धा तास थांबा, कारण धुतल्याधुतल्या कातडी तशीही लालसर दिसते. मग खिडकीच्या उजेडात आरसा धरा.

पहिल्यांदा ब्लॅकहेड्स शोधा. मुरमाची सुरुवात छिद्र बुजण्यातून होते, म्हणून पुटकुळ्यांच्या आसपास काळे ठिपके किंवा कातडीखालचे बारीक पांढरे दाणे बहुधा सापडतात. रोझेशियाच्या पुटकुळीत पू असू शकतो, पण हे दाणे नसतात. एक फसगत मात्र टाळा. नाकावरचे एकसारखे राखाडी ठिपके म्हणजे अनेकदा तेलाने भरलेली नेहमीची छिद्रंच असतात. त्यांना ब्लॅकहेड्स धरू नका.

आता नाकपुड्यांच्या कडा आणि गालांचा उंचवटा जवळून पाहा. लाल धाग्यांसारख्या बारीक रक्तवाहिन्या दिसतात का? त्यांवर स्वच्छ पारदर्शक काच हलकेच दाबली की त्या फिक्या पडतात, काढली की पुन्हा उमटतात. एवढ्यावरून निकाल लावू नका, कारण उन्हाने किंवा स्टिरॉइडचं मलम बराच काळ लावल्यानेही त्या दिसू लागतात.

तिसरी खूण आरशात सापडत नाही, तिला वही लागते. दोन आठवडे लिहून ठेवा: चेहरा कधी तापला, किती वेळ लाल राहिला, त्याआधी काय झालं. माझ्या ओळखीतल्या 41 वर्षांच्या एक बाई तीन महिने मुरमांवरचं बेन्झॉइल पेरॉक्साइडचं मलम आणि स्क्रब वापरत होत्या, तरी गालांची आग वाढतच होती. त्यांच्या वहीत गरम चहा, ऊन आणि कामावरची वादावादी यांनंतर गाल तापल्याच्या नोंदी पुन्हा पुन्हा येत होत्या. हनुवटी, पाठ स्वच्छ, ब्लॅकहेड एकही नाही. पाळीच्या आधी जबड्याच्या कडेला दुखऱ्या गाठी येणं, हे मुरमाचं लक्षण, तेही नव्हतं. त्वचारोगतज्ज्ञांनी रोझेशियाच सांगितला.

सावळ्या कातडीवर लाली आणि रक्तवाहिन्या सहज दिसत नाहीत. तिथे उष्णता, आग आणि चुरचुर यांवर जास्त भर द्या.

खुणा रोझेशियाकडे झुकत असतील तर स्क्रब थांबवा, सौम्य क्लीन्झर आणि सनस्क्रीन एवढंच ठेवा आणि वही घेऊन डॉक्टरांकडे जा. दोन्ही विकार एकाच चेहऱ्यावर असू शकतात, त्यामुळे खुणांची सरमिसळ दिसली तर ती तशीच सांगा. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत असेल तर तेही आवर्जून सांगा, कारण रोझेशिया डोळ्यांतही उतरतो. डोळा दुखू लागला किंवा धूसर दिसू लागलं, तर मात्र त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.