मित्राच्या पहिल्या घराचं अभिनंदन करायला जाताना

पेढे, नारळ, पाकीट यांबद्दल काही सांगत नाही. ते प्रत्येकाला कळतं आणि ते विसरलं तरी कुणी मनाला लावून घेत नाही. ही यादी एका वेगळ्याच चुकीमुळे लिहावी लागते आहे. बारा-पंधरा वर्षं पै-पै साठवून मुंबईत घर घेतलेल्या माणसाला मागच्या वेळी दारातच ‘नशीब काढलंस!’ म्हणून झालं आणि समोरचा नुसता हसला. तेव्हा पहिलं आणि शेवटचं काम एकच: वर्षं मोजून जा. घर बघायला निघायच्या आधी त्याला किती वर्षं लागली तो आकडा खात्रीने माहीत करून घ्या. बाकी सगळं यानंतर.

पण त्याच्याही आधी एक बघायचं, कारण इथे घाई केली तर पंचाईत होते. घर नेमकं कुठल्या टप्प्यावर आहे? टोकन दिलं म्हणजे घर झालं नाही. मग बँक कागदपत्रं तपासते, कर्ज मंजूर होतं, मुद्रांक शुल्क भरलं जातं, दुय्यम निबंधक कार्यालयात करारनाम्याची नोंदणी होते, बँक पैसे सोडते आणि तेव्हा कुठे चावी हातात येते. टोकन आणि नोंदणी यांच्यामध्ये बरेच व्यवहार मोडतात. विकणारा फिरतो, कागदांत काहीतरी निघतं, नाहीतर बँक अपेक्षेपेक्षा कमी रक्कम मंजूर करते. अशा वेळी तुम्ही शाळेच्या ग्रुपवर ‘पार्टी कधी?’ टाकून मोकळे झालेले असता आणि त्या बिचाऱ्याला चाळीस जणांना उत्तरं द्यावी लागतात. नोंदणी झाली की त्याला एकट्याला दोन ओळींचा मेसेज करा. खरं अभिनंदन चावी मिळाल्यावर. इमारत अजून बांधायचीच असेल तर नोंदणीनंतरही ताब्याला दोन-तीन वर्षं जातात आणि तोवर जुन्या घराचं भाडं व बँकेचं व्याज दोन्ही चालू असतं. त्याला ‘सुटलास बाबा’ म्हणू नका, तो सुटलेला नसतो.

आता वर्षांकडे. ती का मोजायची हे कळायला एकदा आकडे मांडून बघा. समजा भांडुपला जुन्या सोसायटीत 90 लाखांचा वन बीएचके घेतला. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जाला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के देऊ शकते. म्हणजे 72 लाख. उरलेले 18 लाख स्वतःचे. त्यावर मुंबईत 6 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे 5 लाख 40 हजार, आणि नोंदणी फी 30 हजार. हे दोन खर्च बँक किमतीत धरत नाही, तेही खिशातूनच. एकूण 23 लाख 70 हजार रोख तयार लागतात, आणि यात दलाली, रंगरंगोटी, सामान हलवणं काहीच धरलेलं नाही. व्याज बाजूला ठेवलं तर हा आकडा गाठायला महिन्याला साधारण साडेसोळा हजार रुपये बारा वर्षं बाजूला टाकावे लागतात. एकशे चव्वेचाळीस महिने. त्यात एकही महिना चुकवायचा नाही, गणपतीत नाही, मुलाच्या ॲडमिशनला नाही, आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नाही. अभिनंदन त्या एकशे चव्वेचाळीस महिन्यांचं करायला चालला आहात. घर हे त्यांचं फळ. म्हणून म्हणतोय, वर्षं मोजा.

मोजायची कशी? मुंबईत भाड्याने राहिलेल्या माणसाची वर्षं मोजायला सोपं माप आहे. इथे भाडेकरार बहुतेक अकरा महिन्यांचा. बारा वर्षं म्हणजे तेरा करार. प्रत्येक कराराच्या वेळी भाडं वाढणार की खोली सोडावी लागणार ही धाकधूक. सोडावी लागली तर नवीन डिपॉझिट, दलालाला महिन्याचं भाडं, टेम्पो, गॅसच्या पत्त्याची बदली. मित्राने तेरा करार केले असतील तर दारात उभं राहून एवढंच म्हणा: ‘तेरा करार केलेस रे, आता चौदावा नाही.’ बाकी भाषणाची गरज नाही. ‘स्वप्नपूर्ती’, ‘हक्काचं घर’ हे शब्द केकवर असतातच, ते तोंडाने पुन्हा वाचून दाखवू नका.

आकडा मात्र बरोबर हवा. बारा वर्षं काढलेल्याला ‘आठ-दहा वर्षं तरी लागली असतील ना?’ म्हटलं की त्याची चार वर्षं तुम्ही सहज पुसून टाकता आणि सगळा डाव उलटतो. त्याला स्वतःला विचारू नका, तो ‘अरे कसलं काय’ म्हणून उडवून लावेल. त्याच्या बायकोला विचारा, किंवा आईला. पहिलं रिकरिंग कधी उघडलं, पीपीएफ कधी सुरू केलं, भिशी कुठल्या वर्षी लागली, हे घरातल्या बाईला तारखेसकट आठवतं. तो भाड्याने राहिलाच नसेल, आईवडील-भाऊ-वहिनी धरून सहा माणसं एका खोलीत राहत असतील, तर करारांचं माप चालणार नाही. मग माळ्यावर झोपून काढलेली वर्षं मोजा. माप कुठलंही चालेल, पण मोजा. मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं होतं, म्हणून तिसऱ्यांदा सांगतोय.

त्याच ओघात दुसरं. बचत एकट्याची नसते. बायकोने पाच वर्षं दागिना केला नाही, किंवा तिचा अख्खा पगार त्या खात्यात जात होता, आणि अभिनंदन मात्र फक्त त्याच्या पाठीवर थाप मारून. कागदावर दोघांची नावं असोत की एकाचं, तुम्ही दोघांकडे बघून बोला. कधीकधी घर फक्त बायकोच्या नावावर असतं, कारण केवळ स्त्रीच्या नावावर खरेदी असली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. वरच्या उदाहरणात 90 हजार वाचले असते. अशा ठिकाणी त्याला ‘घरमालक’ म्हणून चिडवण्याआधी जरा चौकशी करा.

काय बोलायचं नाही, ते पटकन. ‘कितीला पडलं?’ नाही. चौरस फुटाचा भाव नाही. नोंदणीचा तपशील सरकारी संकेतस्थळावर बघता येतो म्हणून घरी बसून त्याची सूची क्रमांक दोन उघडून आकडा पाठ करून येणारे महाभाग असतात. तसं वागू नका. ‘स्टेशनपासून लांबच आहे रे’ नाही, त्याला ते चालून माहीत आहे. ‘त्यापेक्षा भाड्याने परवडलं असतं’ तर अजिबात नाही. आणि ‘आता टेन्शन संपलं’ हेही नाही. 72 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी धरलं तर हप्ता महिना साडेबासष्ट हजारांच्या आसपास बसतो. टेन्शन आता बँकेच्या नावाने सुरू झालं आहे. पार्टी मागणाऱ्यांनीही हा आकडा एकदा बघावा.

भेटवस्तू. भिंतीवरचं घड्याळ आणू नका, पाच जण आणणार आहेत. मोठी फ्रेमही नको. नव्या टॉवरमध्ये भिंती बऱ्याचदा मिवानच्या, म्हणजे सलग काँक्रीटच्या असतात. त्यात खिळा वाकतो, हॅमर ड्रिल लागतं, आणि आत वायरचे पाइप गेलेले असल्यामुळे माहिती नसताना कुठेही भोक पाडता येत नाही. जुन्या इमारतीत उलट. खिळ्याबरोबर मूठभर प्लास्टर खाली येतं. तुमची फ्रेम वर्षभर सोफ्यामागे उभी राहील.

त्या घराला लागतं काय ते बघा. चावी मिळते तेव्हा घर बहुतेक वेळा उघडं असतं. बिल्डर पंख्यांच्या जागी नुसते हूक देतो, आणि जुना मालक पंखे-ट्यूबलाइट काढून नेतो. छताला लोंबणाऱ्या दोन वायरी, त्यावर काळी टेप आणि खाली वास्तुशांतीला घामाघूम बसलेले यजमान, हे दृश्य मुंबईत नवीन नाही. चार-पाच मित्रांनी मिळून पंखे घ्या. दहा बाय बाराच्या खोलीला 1200 मिमी पात्याचा नेहमीचा पंखा पुरतो, लहान स्वयंपाकघराला 600 किंवा 900 चालतो. आधी विचारून घ्या, रंग त्यांना ठरवू द्या, आणि बिल मित्राच्या नावाने करा, नाहीतर वॉरंटीच्या वेळी तो तुम्हाला शोधत बसेल. पंखे नको असतील तर पडद्याचे रॉड, गिझर, बाल्कनीत कपडे वाळत घालायची पुलीची दोरी. रोख द्यायची असेल तर पाकीट बायकोच्या हातात द्या. मुद्रांक शुल्काने खातं कोरडं झालेलं असतं, पहिला महिना तिच्याच हिशेबावर निघतो.

जायच्या दिवसाचं थोडक्यात. विंग आणि मजला विचारून ठेवा, गेटवर नोंद होते. पार्किंग नसतं असं धरूनच निघा. वास्तुशांत असेल तर होम चालू असताना आत घुसून हस्तांदोलन करू नका, धूर जरा बसू द्या. चपला शेजाऱ्याच्या दारात काढू नका, नव्या सोसायटीतलं पहिलं भांडण तिथूनच लागतं. घर दाखवायला लागले की कपाटं उघडू नका, बाथरूमच्या टाइल्सवर मत देऊ नका. तासाभरात निघा, माणसं दमलेली असतात.

महिन्याभराने एक फोन. गळती, वीज मीटरवरचं नाव, सोसायटीचा शेअर दाखला यांपैकी काहीतरी अडलेलं असेलच. ओळखीचा प्लंबर असेल तर नंबर द्या.

निघताना लिफ्टमध्ये त्याच्या बायकोला पुन्हा एकदा विचारून घ्या, करार तेरा होते की चौदा.