पेजिंगमध्ये लॉजिकल अ‍ॅड्रेसवरून फिजिकल अ‍ॅड्रेस कसा काढायचा

प्रोग्रॅम चालू असताना सीपीयू जो अ‍ॅड्रेस मागतो, तो रॅममधला खरा अ‍ॅड्रेस नसतो. मागितलेला तो लॉजिकल अ‍ॅड्रेस आणि रॅममधला खरा तो फिजिकल अ‍ॅड्रेस. प्रोग्रॅमच्या दृष्टीने त्याची मेमरी ० पासून सुरू होते आणि सलग असते. प्रत्यक्षात मात्र ती रॅमभर विखुरलेली असते. पेजिंगमध्ये प्रोग्रॅमच्या मेमरीचे सारख्या आकाराचे तुकडे पाडतात, ती झाली पेजेस. रॅमचेही त्याच आकाराचे तुकडे पाडतात, त्या झाल्या फ्रेम. कुठलेही पेज कुठल्याही रिकाम्या फ्रेममध्ये ठेवता येते. कोणते पेज कोणत्या फ्रेममध्ये आहे याची नोंद पेज टेबलमध्ये असते. हे टेबल ऑपरेटिंग सिस्टीम तयार करते आणि सीपीयूमधले एमएमयू हे हार्डवेअर ते वाचून प्रत्येक अ‍ॅड्रेस बदलून देते.

गणित सोडवायला बसण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की करा: पेज हलते, पण पेजच्या आतली जागा हलत नाही. पेजच्या सुरुवातीपासून ४५२ बाइट पुढे असलेली गोष्ट फ्रेमच्या सुरुवातीपासूनही ४५२ बाइट पुढेच असते. या अंतरालाच ऑफसेट म्हणतात. म्हणून अ‍ॅड्रेसचे दोन भाग करायचे, पेज नंबर बदलून तिथे फ्रेम नंबर घालायचा आणि ऑफसेटला हातही लावायचा नाही.

आधी बिट मोजा

एक छोटे उदाहरण घेऊ. पेजचा आकार १०२४ बाइट, प्रोग्रॅमची लॉजिकल मेमरी ८ केबी आणि रॅम ३२ केबी. प्रत्येक बाइटला स्वतंत्र अ‍ॅड्रेस आहे.

ऑफसेटचे बिट फक्त पेजच्या आकारावरून ठरतात. १०२४ म्हणजे २ चा १० वा घात, म्हणून ऑफसेटला १० बिट. लॉजिकल मेमरी ८ केबी, म्हणजे २ चा १३ वा घात, म्हणून लॉजिकल अ‍ॅड्रेस १३ बिटांचा. त्यातले १० वजा केले की पेज नंबरला ३ बिट उरतात, म्हणजे ० ते ७ अशी ८ पेजेस. रॅम ३२ केबी, म्हणजे २ चा १५ वा घात. तिथेही ऑफसेटचे तेच १० बिट वजा केले की फ्रेम नंबरला ५ बिट मिळतात, म्हणजे ० ते ३१ अशा ३२ फ्रेम.

लॉजिकल अ‍ॅड्रेस १३ बिटांचा आणि फिजिकल १५ बिटांचा, हे पाहून पुष्कळजण बिचकतात. त्यात काही चूक नाही. दोन्ही सारखे असलेच पाहिजेत असा नियम नाही. सारखा असतो तो फक्त ऑफसेट.

पेज टेबल असे आहे:

| पेज | फ्रेम | व्हॅलिड बिट |
|---|---|---|
| ० | ५ | १ |
| १ | १२ | १ |
| २ | ३ | १ |
| ३ | – | ० |
| ४ | ९ | १ |
| ५ | २० | १ |
| ६ | – | ० |
| ७ | – | ० |

अ‍ॅड्रेस २५०० सोडवू

दशमान अ‍ॅड्रेस दिला असेल तर त्याला पेजच्या आकाराने भागा. भागाकार हा पेज नंबर आणि बाकी हा ऑफसेट.

२५०० ÷ १०२४: भागाकार २, बाकी २५०० − २०४८ = ४५२.

आता टेबलमध्ये पेज २ ची ओळ पाहा. तिथे व्हॅलिड बिट १ आहे, म्हणजे नोंद वापरता येईल. फ्रेम ३. ही फ्रेम रॅममध्ये कुठे सुरू होते? तिच्या आधी ०, १ आणि २ अशा तीन पूर्ण फ्रेम आहेत, म्हणून ३ × १०२४ = ३०७२ वर. त्यात ऑफसेट मिळवा: ३०७२ + ४५२ = ३५२४. हा फिजिकल अ‍ॅड्रेस.

तेच बायनरीत करून पाहिले की एमएमयू काय करते ते स्पष्ट होते. २५०० चे १३ बिट लिहा आणि उजवीकडून १० बिट मोजून रेघ मारा:

०१० | ०१११०००१००

डावीकडे ०१० म्हणजे पेज २, उजवीकडे ०१११०००१०० म्हणजे ४५२. आता ०१० काढून तिथे फ्रेम ३ चे पाच बिट ठेवा:

०००११ | ०१११०००१००

हे १५ बिट म्हणजेच ३५२४. इथे भागाकार झाला नाही, गुणाकार झाला नाही, बेरीजसुद्धा झाली नाही. फक्त डावीकडचे बिट बदलले. पेजचा आकार नेहमी २ चा घात ठेवतात तो याचसाठी. आकार १००० बाइट ठेवला असता, तर मेमरीला हात लावायच्या प्रत्येक वेळी हार्डवेअरला खराखुरा भागाकार करावा लागला असता.

पेजची सीमा ओलांडताना

आता ५११९ आणि ५१२० हे शेजारचे दोन अ‍ॅड्रेस घ्या. पेजिंग समजले की नाही, हे या जोडीवरून लगेच कळते.

५११९ ला १०२४ ने भागले की भागाकार ४ आणि बाकी १०२३. पेज ४ फ्रेम ९ मध्ये आहे, म्हणून ९२१६ + १०२३ = १०२३९. हा त्या फ्रेममधला शेवटचा बाइट.

५१२० ला भागले की भागाकार ५, बाकी ०. पेज ५ फ्रेम २० मध्ये आहे, म्हणून २०४८० + ० = २०४८०.

प्रोग्रॅमला हे बाइट एकमेकांना चिकटलेले दिसतात, पण रॅममध्ये त्यांच्यात दहा हजारांहून जास्त बाइटांचे अंतर आहे. म्हणूनच एका पेजचे उत्तर काढून त्यात १ मिळवून पुढच्या अ‍ॅड्रेसचे उत्तर लिहिणे फक्त पेजच्या आतच चालते. सीमा आली की टेबल पुन्हा पाहावे लागते. ऑफसेट ० आला किंवा १०२३ आला, तर थांबून भागाकार पुन्हा तपासलेला बरा. १०२४ हा ऑफसेट मात्र कधीच येऊ शकत नाही. तो आला तर भागाकार एकाने कमी धरला आहे.

उत्तर नसणे हेही उत्तर

३३०० घ्या: पेज ३, ऑफसेट २२८. टेबलमध्ये पेज ३ चा व्हॅलिड बिट ० आहे. इथे गणित थांबते. फ्रेमच्या रकान्यात चुकून एखादा जुना आकडा उरलेला दिसला, तरी तो वापरायचा नाही. एमएमयू फिजिकल अ‍ॅड्रेस तयार न करता ऑपरेटिंग सिस्टीमला बोलावते. हा पेज फॉल्ट. पुढे दोन शक्यता असतात. पेज प्रोग्रॅमचेच आहे पण सध्या रॅममध्ये नाही, असे असेल तर ऑपरेटिंग सिस्टीम ते डिस्कवरून रिकाम्या फ्रेममध्ये आणते, टेबलमध्ये नोंद करते आणि तीच सूचना पुन्हा चालवायला लावते. तो अ‍ॅड्रेस प्रोग्रॅमचा नसेलच, तर प्रोग्रॅम बहुधा बंद पाडला जातो. लिनक्सवर दिसणारा `Segmentation fault` हा संदेश बहुतेकदा याच वाटेने येतो.

८१९२ हा अ‍ॅड्रेस दिला तर? पेज नंबर ८ येतो, आणि आपल्या टेबलमध्ये ७ च्या पुढे ओळच नाही. ८१९२ लिहायला १४ बिट लागतात, आपला लॉजिकल अ‍ॅड्रेस १३ बिटांचा आहे. म्हणजे हा अ‍ॅड्रेसच अवैध. याला पेज फॉल्ट म्हणू नका.

कुठे चुकते

सर्वात जास्त दिसणारी चूक म्हणजे फ्रेम नंबरमध्ये थेट ऑफसेट मिळवणे: ३ + ४५२ = ४५५. फ्रेम नंबर हा अ‍ॅड्रेस नव्हे, तो क्रमांक आहे. ४५५ हा बाइट फ्रेम ० मध्ये पडतो, म्हणजे भलत्याच कुणाच्या मेमरीत.

याच्या उलट चूकही होते. काही गणितांत टेबलमध्ये फ्रेम नंबर न देता फ्रेमचा सुरुवातीचा अ‍ॅड्रेस दिलेला असतो, म्हणजे ३ ऐवजी ३०७२. त्याला पुन्हा १०२४ ने गुणले तर उत्तर तीस लाखांच्या पुढे जाते, आणि आपली रॅम तर ३२७६७ ला संपते. म्हणून रकान्याचे शीर्षक आधी वाचा, आणि उत्तर रॅमच्या बाहेर गेले की तिथेच शंका घ्या.

तिसरी चूक एककाची. मशीन प्रत्येक बाइटला अ‍ॅड्रेस न देता प्रत्येक वर्डला देत असेल आणि वर्ड २ बाइटांचा असेल, तर १०२४ बाइटांच्या पेजमध्ये ५१२ वर्ड मावतात. मग ऑफसेट ९ बिटांचा होतो आणि भागायचे ५१२ ने. तोच २५०० आता पेज २ मध्ये नाही, पेज ४ मध्ये पडतो. बाकी योगायोगाने ४५२ च येते, त्यामुळे चूक लपून राहते.

उत्तर पडताळायची सोपी रीत आहे. फिजिकल अ‍ॅड्रेसला पेजच्या आकाराने भागा. बाकी मूळ ऑफसेटइतकीच यायला हवी. ३५२४ ÷ १०२४ केले की भागाकार ३, बाकी ४५२. जुळले. उलटा प्रश्न आला तरी हीच वाट: फिजिकल १२५०० ला भागले की फ्रेम १२, बाकी २१२. टेबलमध्ये फ्रेम १२ पेज १ ची आहे, म्हणून लॉजिकल अ‍ॅड्रेस १०२४ + २१२ = १२३६.

हेक्साडेसिमल आणि कोड

पेज ४ केबीचे असेल तर ऑफसेट १२ बिटांचा, म्हणजे बरोबर तीन हेक्स अंकांचा. तेव्हा आकडेमोडच उरत नाही. `0x3A7C` मध्ये शेवटचे तीन अंक `A7C` हा ऑफसेट आणि उरलेला `3` हा पेज नंबर. पेज ३ जर फ्रेम `0x1F` मध्ये असेल, तर उत्तर `0x1FA7C`. आपल्या उदाहरणातले १० बिट मात्र हेक्स अंकांच्या सीमेवर बसत नाहीत, म्हणून तिथे ही युक्ती चालत नाही. बायनरी लिहूनच रेघ मारावी लागते.

वरचे उदाहरण पायथनमध्ये असे:

```
table = [5, 12, 3, None, 9, 20, None, None]

def translate(addr):
    p = addr >> 10
    d = addr & 1023
    f = table[p]
    if f is None:
        raise RuntimeError("page fault")
    return (f << 10) | d
```

`translate(2500)` दिले की 3524 मिळते. 8192 दिले तर `IndexError` येतो, कारण आठवी नोंद नाहीच. शेवटच्या ओळीतला कंस जपा. कंस काढून आणि `|` ऐवजी `+` वापरून `f << 10 + d` लिहिले, तर पायथन आणि सी दोन्हींमध्ये आधी `10 + d` ही बेरीज होते आणि फ्रेम नंबर १० ऐवजी ४६२ बिट सरकवला जातो. पायथन त्याचा एक प्रचंड आकडा छापतो, त्यामुळे चूक लगेच दिसते. सीमध्ये मात्र एवढ्या बिटांनी सरकवण्याचा परिणाम भाषेने ठरवलेलाच नाही, आणि तिथे खऱ्यासारखा दिसणारा आकडाही हाती येऊ शकतो.