अंगावर उठलंय ते कांजिण्या, गोवर की खरूज? फोटोतून कसं ओळखावं

"पोराच्या अंगावर कायतरी उठलंय, बघ जरा." बीड, धाराशिवकडच्या कितीतरी घरांतून ऊसतोडीच्या हंगामात असा फोटो कारखान्याच्या तळावर जातो. पोर गावाकडे आजीजवळ, आईबाप कोपीत. फोटोवरून पक्कं निदान होत नाही, ते डॉक्टरांनी मूल तपासूनच करायचं. पण आजच दवाखाना गाठायचा का आणि पोराला इतरांपासून लांब ठेवायचं का, एवढं फोटो नीट असतील तर ठरवता येतं.

आधी फोटो. दिवसाउजेडी, दारात किंवा ओसरीत, फ्लॅश बंद करून काढा. फ्लॅशमध्ये फोडातलं पाणी आणि अंगावरचा घाम सारखाच चमकतो. चेहरा उजळ करणारे फिल्टरही बंद ठेवा. चेहरा आणि कानामागची जागा, उघडं पोट-छाती, पाठ, आणि बोटं फाकवलेला हात मनगटापर्यंत, असे चार फोटो लांबून घ्या. मग एकाच फोडाचा जवळून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. सोबत लिहा: ताप कधी आला, पुरळ कधी उठलं, घरात आणखी कुणाला खाज आहे का. दुसऱ्या दिवशी त्याच जागांचे फोटो पुन्हा घ्या, कारण या तिघांतला फरक बऱ्याचदा दुसऱ्या दिवशीच उघड होतो.

पहिला शोध गोवराचा घ्यायचा, कारण चुकला तर तोच महागात पडतो. गोवरात पुरळ आधी येत नाही. तीन-चार दिवस जोराचा ताप, खोकला, वाहतं नाक आणि लाल, पाणावलेले डोळे असतात, मग कानामागे आणि केसांच्या कडेला चट्टे उठतात. तिथून ते चेहऱ्यावर, छाती-पोटावर आणि शेवटी पायांकडे उतरतात. चट्टे एकमेकांत मिसळतात, त्यांत पाणी भरत नाही. सावळ्या कातडीवर लाली फोटोत नीट येत नाही, चट्टे नुसते काळपट दिसतात. म्हणून रंगापेक्षा डोळे आणि चट्टे कोणत्या क्रमाने आले ते बघा. संशय आला तर आशाताईंना कळवा, दवाखान्यात जाण्याआधी तिथे फोन करा आणि पोराला इतर मुलांत बसवू नका. गोवरात 'अ' जीवनसत्त्वाचे डोस द्यावे लागतात, ते दवाखान्यातच मिळतात.

कांजिण्या बहुधा छाती, पाठ, चेहरा आणि डोक्यावर सुरू होतात आणि हातापायांवर कमी असतात. बारीक लाल पुटकुळी काही तासांत पाण्याने भरते, मग सुकून खपली धरते. नवे फोड पुढचे काही दिवस येतच राहतात. त्यामुळे पोटाच्या एकाच फोटोत लाल पुटकुळी, पाणी भरलेला फोड आणि खपली शेजारी शेजारी दिसतात. हीच त्यांची मोठी खूण. सगळे फोड खपलीवर येईपर्यंत पोराला शाळा-अंगणवाडीत धाडू नका आणि घरातल्या गरोदर बाईपासून लांब ठेवा. तापाला ॲस्पिरिन देऊ नका.

फसगत होते ती खरूज आणि कांजिण्यांत. समजा आजीने पाच वर्षांच्या नातवाच्या पोटाचा फोटो पाठवला: बेंबीभोवती पुटकुळ्या, काहींवर खपल्या. नुसता तेवढाच पाहिला तर कांजिण्याच म्हणाल. पण विचारल्यावर कळतं की ताप नाही, पंधरा दिवसांपासून खाज आहे आणि रात्री पोर झोपू देत नाही. हाताच्या फोटोत बोटांच्या बेचक्यांत पुटकुळ्या, मनगटावर बारीक वाकडी रेघ, दोन फोडांत पू. पाठ जवळजवळ स्वच्छ. आजीलाही कमरेला खाज सुटते. दुसऱ्या दिवशी नवे पाण्याचे फोड नाहीत. हे सगळं खरजेकडे बोट दाखवतं. खाजवून पू झाला म्हणून ती कांजिण्यांसारखी दिसत होती. तान्ह्या बाळात मात्र खरूज तळहात, तळपाय आणि डोक्यावरही येते, तिथे ही जागेची खूण पुरत नाही.

खरजेसाठी डॉक्टर बहुतेक वेळा परमेथ्रिन ५ टक्के मलम देतात. ते रात्री मानेखाली सगळ्या अंगाला, बेचक्यांत आणि नखांखालीही लावून सकाळी धुवायचं आणि आठवड्याने पुन्हा लावायचं. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावलं नाही तर ती परत फिरते. तान्ह्या बाळाला विचारल्याशिवाय लावू नका. पू झाला असेल तर वेगळं औषध लागतं. मलमानंतरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते, म्हणून रोज रोज मलम चोपडू नका.

पोराला धाप लागली, ते सुस्त पडलं, पाणीसुद्धा पीत नाही, झटका आला, किंवा डाग काचेचा पेला दाबूनही फिके होत नाहीत, तर फोटोच्या नादी न लागता तडक दवाखान्यात न्या. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते.