फोटोवरून बॅग पारखताना या चुका टाळा

वापरलेली सुटकेस किंवा सॅक ऑनलाइन घेताना हातात असतात ते फक्त पाच-सहा फोटो. मग आपण कंपनीच्या साइटवरचा फोटो एका बाजूला आणि विकणाऱ्याचा दुसऱ्या बाजूला ठेवून फरक शोधायला लागतो. पहिली चूक इथेच होते. कंपनीचा फोटो स्टुडिओतल्या दिव्यांखाली काढून वर हात फिरवलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा त्या मॉडेलच्या एकाच वर्षाच्या मालाचा असतो. पुढच्या खेपेला कंपनीनेच चेनचा पुलर, म्हणजे आपण बोटात धरतो तो भाग, बदलला असेल, अस्तराचा रंग बदलला असेल, तर अस्सल बॅगही तुम्हाला नकली वाटेल.

त्यापेक्षा बॅगेची तुलना आधी तिच्याशीच करावी. बॅगेवर जोड्या भरपूर असतात. मुख्य चेनला सहसा दोन रनर, म्हणजे दातांवरून धावणारे धातूचे तुकडे, असतात, चाकं दोन किंवा चार, अस्तराच्या दोन बाजू, पट्ट्यांची चार टोकं. एकाच कारखान्यात एकाच दिवशी बनलेल्या वस्तू एकमेकींशी जुळतात. त्या जुळत नसतील तर काहीतरी घडलेलं आहे, आणि काय घडलं तेही बहुतेक वेळा फोटोतच दिसतं.

चेनवरचं नाव म्हणजे पुरावा नव्हे

रनरवर वायकेके दिसलं की लोक निश्चिंत होतात. १९३४ साली तादाओ योशिदा यांनी सुरू केलेली ही जपानी कंपनी खरोखरच दर्जेदार चेन बनवते, पण म्हणूनच तिच्या नावाची नक्कलही सर्रास होते. उलट बाजूही तितकीच खरी आहे: कित्येक चांगल्या बॅगांना दुसऱ्या कंपन्यांच्या चेन असतात, आणि पुलरवर बॅगेच्या ब्रँडचंच चिन्ह असतं. म्हणजे नाव असणं आणि नसणं, दोन्हींवरून फारसं काही ठरत नाही.

बघायचं ते रनरच्या पाठीवर. रनरच्या मागच्या बाजूला, म्हणजे बॅगेच्या आतून, अनेकदा ५, ८ किंवा १० असा आकडा असतो. बंद चेनची दातांपाशी रुंदी साधारण तितके मिलिमीटर असते. बाहेरच्या खिशांना ५ चालते, पण मुख्य कप्प्याला ८ किंवा १० असावी. मोठ्या सुटकेसच्या मुख्य चेनच्या रनरवर ५ दिसला, तर नाव कोणतंही असो, ती चेन भरलेल्या बॅगेचा ताण फार दिवस घेणार नाही.

पुलरची कड नीट बघा. साच्यातून निघालेल्या धातूला कडेने बारीक रेघ राहतेच. चांगल्या कामात ती घासून काढलेली असते. मुलामा उडाला असेल तर कुठे उडालाय हे महत्त्वाचं. बोट लागतं तिथे झिजला असेल तर तो वापर. भोकाच्या आतल्या कडेला, जिथे बोट पोचतच नाही, तिथे फोड आल्यासारखा सुटला असेल तर मुलामाच कच्चा आहे.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. बऱ्याच सॅकवर चेनचे दात बाहेरून दिसतच नाहीत, नुसती सपाट फीत दिसते. तो दोष नाही. तिथे चेन मुद्दाम उलटी लावलेली असते, दात आतल्या बाजूला.

सुटा दोरा दिसला म्हणून घाबरू नका

अस्तराच्या कोपऱ्यात लोंबणारा दोरा चांगल्या बॅगेतही असतो. तो फक्त कापायचा राहिलेला असतो. काळजी करायची ती टाक्यांची लांबी बदलत असेल तर, मध्येच टाका सुटला असेल तर, किंवा शिवणीच्या सुरुवातीला आणि शेवटाला टाके मागे-पुढे घेऊन पक्के केलेले नसतील तर. कापड शिवणीपाशी चुण्या घालून ओढलं गेलं असेल, तर बहुधा दोऱ्याचा ताण चुकला आहे. खालचा दोरा वरून ठिपक्यांसारखा डोकावत असेल तर तेच.

टाके मोजायला फोटोत पट्टी नसली तरी चालतं, चेन असली की पुरे. समजा रनरवर १० आहे, म्हणजे दातांची रुंदी सुमारे १० मिलिमीटर. फोटो मोठा करून स्क्रीनवर ती रुंदी मोजा. ती १४ मिलिमीटर भरली आणि तिला लागूनच असलेल्या शिवणीचे पाच टाके स्क्रीनवर २५ मिलिमीटर भरले, तर प्रत्यक्षात पाच टाके सुमारे १८ मिलिमीटरचे, म्हणजे एक टाका साधारण साडेतीन मिलिमीटरचा. बॅगेच्या शिवणीला तीन ते चार मिलिमीटर ठीक असतो. पाचच्या पुढे गेला की दोरा आणि वेळ वाचवलाय असं समजावं. फक्त चेन आणि शिवण कॅमेऱ्यापासून एकाच अंतरावर हवी, नाहीतर हिशोब चुकतो.

अस्तराची आतली शिवण उघडी आहे की गोट लावून झाकलेली, हेही बघा. ही जागा फोटोत कुणी मुद्दाम दाखवत नाही, त्यामुळे मागूनच घ्यावी लागते. उघडी कड कालांतराने उसवते आणि तिचे धागे चेनमध्ये अडकतात.

चाक बघता, पण चाकाचं घर बघत नाही

सगळ्यात जास्त चूक इथे होते. विकणारा चाकं पुसून चकचकीत करतो, आपण रबर किती झिजलंय ते बघतो आणि पुढे जातो. चाक बदलणं बहुधा सोपं असतं. चाक ज्या प्लास्टिकच्या घरात बसतं ते आणि त्याच्या आजूबाजूचं कवच मात्र तुटलं, की बॅग जवळपास संपली.

घर आणि कवच यांच्यामधली फट बघा. ती सगळीकडे सारखी हवी, आणि चारही कोपऱ्यांत सारखी हवी. एका कोपऱ्यात फट एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला बंद दिसत असेल, तर बॅग त्या कोपऱ्यावर जोरात पडलेली असावी. एबीएस या कडक प्लास्टिकचं कवच वाकलं की वाकल्या जागी पांढुरकं होतं. हा डाग ओरखड्यासारखा सरळ नसतो, चंद्रकोरीसारखा पसरट असतो आणि पुसून जात नाही. चाकाच्या घराभोवती असा डाग असेल तर पुढची पायरी तडा.

प्लास्टिकवरच्या काही खुणा मात्र निरुपद्रवी असतात. आतल्या बाजूला छोटे गोल वळ दिसतात, ते साच्यातून तुकडा बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे. डाव्या-उजव्या घरांवर वेगळी अक्षरं किंवा आकडे असले तरी बिघडत नाही, ती घरं एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात आणि साचे वेगळे असतात. खरी निष्काळजी दिसते ती जोडावर बाहेर आलेल्या प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यात.

घर कशाने बसवलंय, स्क्रूने की रिवेटने, हेही विचारा. स्क्रू असतील तर दुरुस्ती घरी होऊ शकते. काही सुटकेसमध्ये अस्तराला आतून चेन असते; ती उघडली की हे स्क्रू समोर येतात. तो फोटो मिळाला तर बाकी चार फोटोंपेक्षा जास्त कळतं.

लेबलच्या अक्षरांवर फोटोचा दोष लादू नका

लेबलवरचं अक्षर जाड वाटतंय, कड धूसर आहे, म्हणून नकली, असं म्हणणारे खूप. आधी ते लेबल विणलेलं आहे की छापलेलं, ते ठरवा. विणलेल्या लेबलवर अक्षर धाग्यांनीच बनतं, त्यामुळे तिरप्या आणि गोल रेषा पायऱ्यांसारख्या दिसणारच. छापलेल्या साटीनच्या पट्टीवर मात्र कड स्वच्छ हवी, आणि शाई धाग्यांच्या फटीत पसरलेली नसावी.

शिवाय मेसेजिंग अॅपवरून आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो, त्यात बारीक अक्षरांभोवती मळकट कडा येतात. मोबाइल लेबलच्या अगदी जवळ नेला तर मधली अक्षरं मोठी आणि कडेची ताणलेली दिसतात. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा, आणि मोबाइल हातभर लांब धरून झूम करायला सांगा. त्याआधी अक्षरांच्या जाडीवर मत देऊ नका.

लेबलवर आरएन या अक्षरांपुढे असलेला नोंदणी क्रमांक अमेरिकेतला व्यापार आयोग कंपनीला देतो आणि तो त्यांच्या यादीत शोधता येतो. पण तो सांगतो कंपनी कोण. तुमच्या हातातली बॅग तिचीच आहे, हे सांगत नाही. अस्सल लेबलवरून तो उतरवून घ्यायला कुणाला काय अडचण? लेबलचा खरा उपयोग ते शिवलंय कसं यात आहे. कारखान्यात ते बहुतेकदा अस्तराच्या शिवणीतच पकडलेलं असतं. वरून वेगळ्या दोऱ्याने टाचलेलं असेल, तर ते बहुधा नंतर लावलंय.

एक बॅग तपासून बघू

समजा कठीण कवचाची, चार चाकांची केबिन बॅग आहे, वर्णन "जवळपास नवीन". फोटोत मुख्य चेनचे दोन रनर दिसतात. डाव्याचा पुलर मंद राखाडी, उजव्याचा किंचित चमकदार, आणि त्याच्या भोकाचा आकार लांबट. चार चाकांपैकी तिघांवर बारीक खडबडीत झीज, चौथं गुळगुळीत. त्याच चौथ्या चाकाच्या घराशी फट एका कोपऱ्यात रुंद. लेबल शिवणीत पकडलेलं, टाके दोन्ही बाजूंना सारखे.

घाईत बघणारा वेगळा पुलर बघून "नकली" म्हणेल. पण लेबल, अस्तर, तीन चाकं आणि डावा रनर यांचं एकमेकांशी जुळतंय. जुळत नाहीत त्या गोष्टी दोन: एक रनर आणि एक कोपरा. चेन बहुधा एकदा दुरुस्त झालीय, आणि बॅग त्या कोपऱ्यावर आपटून चाक बदललंय. बॅग अस्सल असू शकते, "जवळपास नवीन" नक्कीच नाही.

आता विकणाऱ्याकडे तीन गोष्टी मागायच्या: त्या कोपऱ्याचा बाजूने प्रकाश पाडून काढलेला फोटो, म्हणजे पांढुरका डाग लपणार नाही, अस्तर उघडून त्याच घराचे स्क्रू, आणि दोन्ही रनरच्या पाठी एकाच फोटोत. समोरून फ्लॅश मारलेला फोटो आला तर परत मागा, फ्लॅशने उंचसखलपणा सपाट होतो.

स्क्रूभोवती तडा दिसला तर सोडून द्या. तडा नसेल तर भाव कमी करून घ्यायला हरकत नाही, पण त्याआधी एक छोटा व्हिडिओ मागवा. हँडल पूर्ण वर ओढून हलवलेलं आणि बॅग चारही चाकांवर ढकललेली त्यात दिसली पाहिजे. जुन्या बॅगेत अस्तरावरचा पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा थर चिकट होऊन सुटतो, चाकांचाही भुगा होतो, आणि हे स्थिर फोटोत बऱ्याचदा कळत नाही. अस्तरावर बोट दाबून उचलायला सांगा. कापड बोटाबरोबर वर आलं तर व्यवहार तिथेच थांबवा.