नाव बरोबर, रक्त दुसऱ्याचं

रात्रपाळीला नवीन वॉर्ड क्लार्क लागला की त्याला एकच गोष्ट शिकवतात: रिपोर्टवरचं नाव आणि आयपीडी नंबर फाइलशी जुळवायचा, मग कागद लावायचा. पहिले चार महिने मीही तेवढंच केलं.

त्या रात्री दीडच्या सुमाराला लॅबमधून गठ्ठा आला. १२ नंबरच्या आजींची फाइल काढली. नाव जुळलं, नंबर जुळला. नवा कागद कालच्यावर ठेवताना मात्र हात थांबला. काल क्रिएटिनिन ७.४ होतं, आज ०.८. मला रिपोर्टमधलं फारसं कळत नाही, पण आकडा एका रात्रीत इतका खाली? मी सिस्टरना विचारलं, "आजींचं डायलिसिस झालं का?" डायलिसिसनंतर हा आकडा उतरतो, एवढं ऐकून माहीत होतं. सिस्टर म्हणाल्या, "नाही रे, उद्या आहे."

मग शेजारच्या १३ नंबरची फाइल उघडली. मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालेल्या बाई. त्यांचं काल ०.८, आज ७.२, पोटॅशियम ४.१ वरून ६.१. सिस्टर खुर्चीतून उठल्याच. हे ६.१ लॅबने आधीच फोनवर कळवलं होतं आणि त्या बाईंच्या उपचारांची तयारी चालू होती. पोटॅशियम उतरवायला इन्सुलिन देतात. ज्यांचं मुळात ठीक आहे त्यांना ते दिलं असतं तर?

इथे नवा माणूस हमखास चुकतो: दोन कागद आपणच अदलाबदल करून लावतो. तसं करू नका. कागद चुकीच्या फाइलमध्ये गेला असता तर त्यावरचं नावच जुळलं नसतं. इथे नाव जुळत होतं, म्हणजे घोळ लॅबला जायच्या आधी, ट्यूबवर लेबल लावताना झाला होता. शिवाय असा अंदाज बरोबर आहे की नाही हे ठरवणं आपलं काम नाही. मी दोन्ही फाइली उघड्याच सिस्टरपुढे ठेवल्या. त्यांनी डॉक्टरांना बोलावलं, लॅबला कळवलं आणि दोघींचं रक्त पुन्हा घेतलं. या वेळी खाटेपाशीच मनगटावरचा पट्टा वाचून, पेशंटकडूनच नाव वदवून लेबल लावलं. संध्याकाळी दोघींच्या ट्यूब एकाच ट्रेमध्ये आणून काउंटरवर लेबलं चिकटवली होती, हे नंतर कळलं.

पहाटे नवे रिपोर्ट आले. आकडे आपापल्या जागी होते. जुने कागद लॅबने रद्दचा शेरा मारून परत पाठवले, तेही मी फाइलमध्ये ठेवले.

तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, "त्याच वेळी ब्लड बँकेला कुणाचा नमुना गेला होता का?" रजिस्टर बघितलं. १३ नंबरचा गेला होता.

मी फोन उचलला आणि तो नमुना थांबवायला सांगितलं.